आरएसआयचा गुन्हा: रुपये दोनशे

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. "सर, आरएसआय फालतू आहे. दोन महिन्यांत 18 हजार गेले. आता सुपरट्रेंड लावू की एमएसीडी?" लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुझी वही आणि ट्रेडबुकची फाइल आठवडाभर माझ्याकडे पडून होती आणि मी ती उघडलीसुद्धा नव्हती. आज शनिवार, बाजार बंद. सकाळपासून तेच घेऊन बसलोय. चहा दोनदा गार झाला. आता लिहितो ते जरा लांबेल. सावकाश वाच, बसमध्ये उभ्याउभ्या नको.

आधी तुझाच नियम तुला वाचून दाखवतो, कारण तो वहीच्या पहिल्या पानावर आहे आणि त्या पानाला बरेच दिवस हात लागलेला दिसत नाही. पंधरा मिनिटांचा चार्ट. 14 चा आरएसआय 30 च्या खाली जाऊन परत 30 च्या वर बंद झाला, की त्या कॅन्डलच्या बंद भावाला खरेदी. स्टॉपलॉस नुकत्याच झालेल्या तळाच्या जरा खाली. टार्गेट स्टॉपलॉसच्या अंतराच्या दीडपट. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त 1,000 रुपये पणाला. दोननंतर नवी एंट्री नाही. तीन लाखांच्या भांडवलाला हा नियम वाईट नाही. ग्रेट आहे असंही मी म्हणत नाही.

एकूण 40 ट्रेड आहेत. ब्रोकरेज, एसटीटी वगैरे धरायच्या आधी तोटा 14,000. तुझा सौदा साधारण दीड लाखाचा असतो. त्यावर येताजाताचं ब्रोकरेज 40 रुपये, विकताना 0.025 टक्के दराने एसटीटी 37 रुपयांच्या वर, एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी धरून दर ट्रेडला जवळपास 100 रुपये जातात. म्हणजे 40 ट्रेडचे 4,000. एकूण 18,000. तुझा आकडा बरोबर आहे. त्याचं बिल तू कोणाच्या नावावर फाडलंस, तिथे माझं तुझ्याशी जमत नाही.

मी काय केलं ते सांगतो. फाइलमधला नफ्या-तोट्याचा कॉलम लपवला. नंतर एकेक ट्रेड घेऊन त्या तारखेचा चार्ट उघडला आणि फक्त तीन गोष्टी पाहिल्या: एंट्री नियमात बसत होती का, स्टॉपलॉस ठरलेल्या जागी राहिला का, आणि एक्झिट टार्गेटला किंवा स्टॉपलॉसला झाली का. कॉलम लपवायचं कारण एवढंच, की आकडा दिसला की मन वकिली करायला लागतं. नफा झालेला ट्रेड बरोबरच वाटतो आणि तोट्याचा चुकलेला. नियम पाळून 1,000 चा तोटा होणं हा चांगला ट्रेड असू शकतो, आणि स्टॉपलॉस काढून टाकून 500 मिळवणं हा वाईट. आकडा समोर असला की हे दिसत नाही.

40 ट्रेडचे चार ढीग झाले.

पहिल्या ढिगात 18. एंट्री, स्टॉपलॉस, एक्झिट सगळं नियमाप्रमाणे. त्यातले 8 टार्गेटला गेले, 10 स्टॉपलॉसला. 12,000 आले, 10,000 गेले, हातात 2,000.

दुसऱ्या ढिगात 9. एंट्री अगदी बरोबर, पण थोडा नफा दिसताच तू पळालास. या नऊचे मिळून 3,600. तू बाहेर पडल्यावर काय झालं ते मी चार्टवर पुढे जाऊन पाहिलं. सहांमध्ये टार्गेट आलं, तिनांमध्ये स्टॉपलॉस. धरून ठेवले असतेस तर 6,000 होते.

तिसऱ्या ढिगात 5. इथेही एंट्री बरोबर. पण भाव स्टॉपलॉसजवळ आला की तू तो खाली सरकवलास. एकात भाव परत फिरला आणि 500 मिळाले. माझ्या मते दोन महिन्यांतला सगळ्यात महागडा ट्रेड तोच, कारण सरकवण्याची सवय त्याने लावली. उरलेल्या चारांत 2,400, 2,100, 3,700 आणि 2,800 गेले. एकूण 10,500 वजा. नियम पाळला असता तर पाचही ठिकाणी स्टॉपलॉस लागून 5,000 गेले असते. तेवढ्यावर विषय संपला असता.

चौथ्या ढिगात 8. यांना नियमात जागाच नाही. 9,100 वजा.

आता वेगळा हिशेब करू. समजा, तू सिग्नल आला तेव्हाच घेतलंस आणि नियम शेवटपर्यंत पाळलास. मग ट्रेड 40 नव्हे, 32 झाले असते. पहिल्या ढिगाचे 2,000, दुसऱ्याचे 6,000, तिसऱ्याचे वजा 5,000, म्हणजे 3,000 नफा. त्यातून 32 ट्रेडचा 3,200 खर्च काढ. तोटा 200 रुपये.

म्हणजे आरएसआयचा आणि त्यावर बांधलेल्या तुझ्या नियमाचा मिळून गुन्हा 200 रुपयांचा. बाकीचे 17,800 कुठून आले तेही मोजता येतं: लवकर पळण्याचे 2,400, स्टॉपलॉस सरकवण्याचे 5,500, चौथ्या ढिगाचे 9,100 आणि त्या आठ ट्रेडच्या खर्चाचे 800. उद्या सुपरट्रेंड लावलास तरी यातला एकही रुपया वाचत नाही, कारण माउसवर हात तोच राहणार.

आरएसआय मुळात काय मोजतो ते पुन्हा सांगतो, कारण तू त्याला भविष्य सांगायला बसवलंयस. जे. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने 1978 साली आपल्या पुस्तकात तो मांडला. गणित सोपं आहे. मागच्या 14 कॅन्डल घे. ज्या वर बंद झाल्या त्यांची एकूण वाढ समजा 6 रुपये, ज्या खाली बंद झाल्या त्यांची एकूण घट 14 रुपये. एकूण हालचाल 20, त्यात वाढीचा वाटा 6, म्हणजे शेकडा 30. आरएसआय 30. पहिल्या गणनेनंतर सरासरी जरा वेगळ्या पद्धतीने पुढे नेतात, पण गाभा एवढाच. अलीकडच्या हालचालीत चढाचा वाटा किती, याचं ते उत्तर आहे. शेअर स्वस्त झालाय किंवा आता वर जाणार आहे, असं त्यात कुठेही नाही.

त्याचा खरा दोष जाणकारांना पहिल्यापासून माहीत आहे. घसरण एकतर्फी असली की तो 30 च्या खाली जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. 9 मार्च 2020 ला निफ्टी 10,451 वर बंद झाला तेव्हा रोजच्या चार्टवरचा आरएसआय 30 च्या बराच खाली होता. "ओव्हरसोल्ड" म्हणून त्या दिवशी घेतलेल्यांनी 23 मार्चला 7,610 चा बंद भाव पाहिला. आणखी 27 टक्के खाली. म्हणूनच तुझ्या नियमात "परत 30 च्या वर बंद झाला की" हे शब्द आहेत. नियमातला सगळा शहाणपणा त्या "बंद" शब्दात आहे, आणि तू नेमका तोच गाळलास.

चौथ्या ढिगातले तीन ट्रेड बघ. एकाची ऑर्डर 10 वाजून 38 मिनिटांची आहे. बाजार सव्वानऊला उघडतो, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या कॅन्डल 10:30, 10:45, 11:00 अशा बंद होतात. 10:38 ला कोणतीच कॅन्डल बंद होत नाही. तू घेतलंस तेव्हा आरएसआय 31 दिसत असणार, मला शंका नाही. पण कॅन्डल चालू असताना शेवटच्या भावाबरोबर तो आकडाही नाचतो. 10:45 ला तो 27 वर बंद झाला. आज चार्ट उघडला तर तिथे सिग्नल दिसतच नाही, आणि तू म्हणतोस की इंडिकेटरने फसवलं. तिन्ही ट्रेडची हीच गोष्ट. तिन्हींचे मिळून 2,900 गेले. हे शोधायला काही अक्कल लागत नाही. ट्रेडबुकातली वेळ पाहायची आणि ती पंधराच्या पटीनंतरच्या मिनिटा-दोन मिनिटांतली आहे का ते बघायचं.

उरलेले पाच मला बघवले नाहीत. त्यांच्या एंट्रीला चार्टवर कारण सापडत नाही. कारण चार्टबाहेर आहे. त्यासाठी तिसऱ्या ढिगातला तो 3,700 चा ट्रेड आधी पाहू.

बँकेचा शेअर, मंगळवार. 10:45 ला आरएसआय 30 च्या वर बंद, खरेदी 742 ला, 200 शेअर. तळ 737.20, म्हणून स्टॉपलॉस 737, टार्गेट 749.50. इतकी सुबक एंट्री की मी तुला शाबासकी द्यायला निघालो होतो. सव्वाअकराच्या सुमारास भाव 737.30 ला आला. पुढचं तूच वहीत लिहिलंयस: "एसएल हंटिंग होतंय वाटतं, 734 केला." मग 730. मग काहीच लिहिलेलं नाही, कारण स्टॉपलॉसच उरला नव्हता. शेवटी 3:20 ला ब्रोकरच्या सिस्टिमने पोझिशन आपोआप कापली. भाव 723.50. शेअरमागे साडेअठरा रुपये, 200 शेअर, 3,700. एक हजारांचं दुखणं तू चार तास सांभाळून जवळजवळ चौपट केलंस.

आणि ती पोझिशन अंगावर असतानाच, त्याच दिवशी 1 वाजून 10 मिनिटांनी, दुसऱ्याच एका शेअरमध्ये दुप्पट क्वांटिटीने खरेदी. आरएसआय तेव्हा 46. वहीत एकच शब्द: "रिकव्हरी". पाचपैकी चार ट्रेड अशाच एखाद्या तोट्यानंतर वीस मिनिटांत घेतलेले आहेत किंवा अंगावर तोटा दिसत असताना. पाचांचे मिळून 6,200. ट्रेडबुकात हे ओळखायची खूणही साधी आहे: आधीच्या तोट्यापासूनचं अंतर बघ आणि क्वांटिटी वाढली का ते बघ. दोन्ही जुळलं की इंडिकेटरचं नाव घ्यायचं काम नाही.

दुसरा आणि तिसरा ढीग वेगळे वाटतात, पण दुखणं एकच आहे. नफा दिसला की तो हातचा जाईल म्हणून पटकन विकायचं आणि तोटा मात्र मान्य करायचा नाही म्हणून धरून ठेवायचं. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन या दोघांनी 1985 साली याला नावसुद्धा दिलं, डिस्पोझिशन इफेक्ट. पुढे टेरन्स ओडीन यांनी 1998 साली अमेरिकेतल्या एका डिस्काउंट ब्रोकरकडच्या 10,000 खात्यांचे व्यवहार तपासले, तेव्हा तेच दिसलं. तेव्हा तू काही जगावेगळा नाहीस. मीही नव्हतो. जानेवारी 2008 च्या पडझडीत मी स्टॉपलॉस तीनदा खाली नेला होता, आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन मूव्हिंग अॅव्हरेज 20 चा 34 केला होता, जणू सगळं खापर त्या विसाच्या आकड्यावरच फोडायचं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे, सुपरट्रेंड की एमएसीडी. एमएसीडी म्हणजे दोन मूव्हिंग अॅव्हरेजमधलं अंतर. सुपरट्रेंड ज्या एटीआरवर उभा आहे, तो एटीआर वाइल्डरच्या त्याच 1978 च्या पुस्तकातला. सगळ्यांचा कच्चा माल एकच, होऊन गेलेले भाव. त्याच पिठाची पोळी, भाकरी, थालीपीठ. काही बाजारांत एक बरा चालतो, काही बाजारांत दुसरा, आणि तो फरक खरा आहे. पण तो फरक मोजायला आधी एकाच नियमाचे पुरेसे स्वच्छ ट्रेड लागतात. तुझ्याकडे ते 18 आहेत.

यावर तू म्हणशील, "सर, पण नियम पाळूनही 200 चा तोटाच आहे ना?" हा प्रश्न योग्य आहे. टार्गेट स्टॉपलॉसच्या दीडपट आणि हजारामागे शंभर खर्च धरला, तर बरोबरीत सुटायला शंभरात 44 ट्रेड टार्गेटला जावे लागतात. तुझ्या 32 मध्ये 14 जातात, शंभराला पावणेचव्वेचाळीस. अगदी काठावर. पण 32 ट्रेडमध्ये नुसत्या नशिबाच्या जोरावर नफ्या-तोट्याचा आकडा सहा-सात हजार इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो. त्यामुळे "आरएसआय चालतो" असंही या 32 वरून म्हणता येत नाही आणि "चालत नाही" असंही नाही. आणखी एक गोष्ट. 44 टक्के यश असलेल्या नियमात 32 ट्रेडमध्ये सलग पाच तोटे येण्याची शक्यता जवळजवळ अर्धी असते. चौथ्या आठवड्यात तुला सलग पाच स्टॉपलॉस लागले, आणि "आरएसआय फालतू" हे वाक्य वहीत पहिल्यांदा तिथेच येतं. त्या पाचांत तुझी एकही चूक नव्हती. चुका सुरू झाल्या त्या सहाव्यापासून.

सोमवारपासून काय करायचं ते सांगतो. कोणता शेअर घे हे मी सांगणार नाही, मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही आणि मला व्हायचंही नाही.

ट्रेड 1,000 ऐवजी 250 रुपयांच्या जोखमीने घे. एक तोटा मात्र यात आहे, तो आधीच सांगून ठेवतो: सौदा लहान झाला तरी खर्च त्याच प्रमाणात खाली येत नाही. 250 मागे साधारण 40 रुपये जातील, म्हणजे बरोबरीला 44 ऐवजी 46 च्या वर यश लागेल. नफ्याची अपेक्षा या काळात ठेवू नकोस. आपल्याला शंभर स्वच्छ ट्रेड विकत घ्यायचेत आणि ते स्वस्तात पडायला हवेत.

स्टॉपलॉसची ऑर्डर एंट्रीबरोबरच टाक, डोक्यात ठेवू नकोस. ऑर्डर बुकचा स्क्रीनशॉट रोज साडेतीनला काढ, कारण तू वापरतोस त्या अॅपमध्ये बदललेल्या ऑर्डर दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. सरकवलेला स्टॉपलॉस हा असा गुन्हा आहे की रात्रीत पुरावाच नाहीसा होतो. तुझे ते पाच मला सापडले ते फक्त तोटा हजाराच्या पुढे गेला म्हणून आणि तू वहीत प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून. 500 मिळालेला तर वही नसती तर सापडलाच नसता.

वहीत प्रत्येक ट्रेडला एक ओळ पुरे: कॅन्डल किती वाजता बंद झाली, ऑर्डर किती वाजता गेली, बंद होताना आरएसआय किती, स्टॉपलॉस आणि टार्गेट कुठे ठरले, एक्झिट कुठे झाली आणि का. "का" हा रकाना एक्झिटनंतर पाच मिनिटांच्या आत भरायचा. रात्री भरलास तर तू त्यात साहित्य लिहिशील. नफ्या-तोट्याचा आकडा या वहीत नकोच, तो ट्रेडबुकात आहेच. शनिवारी ओळीपुढे ढिगाचा नंबर लिहायचा, एक ते चार. तोटा झाल्यावर अर्धा तास नवी ऑर्डर नाही, आणि पहिली पोझिशन उघडी असताना दुसरी नाही. हे दोन नियम मी वाढवतोय, चौथ्या ढिगातल्या तुझ्या त्या पाच ट्रेडसाठी.

शंभर ट्रेड पहिल्या ढिगातले झाले आणि तरीही खर्च धरून तोटा असेल, तर आरएसआय मी स्वतः तुझ्या चार्टवरून काढून टाकीन. तेव्हा दोष त्याचा किंवा नियमाचा असेल, आणि मग एंट्री बदलायची की टार्गेट की बाजार बघून थांबायचं, यावर बोलता येईल. शंभर ट्रेडनीही सगळं सिद्ध होत नाही, पण 32 पेक्षा बरंच कळतं. आणि हेही होऊ शकतं की उत्तर नकारार्थी येईल. सेबीने 2024 साली कॅश मार्केटमधल्या इंट्राडेवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 2022-23 मध्ये 10 पैकी 7 जण तोट्यात होते, आणि वर्षाला 500 च्या वर ट्रेड करणाऱ्यांत तर 10 पैकी 8. त्या सगळ्यांच्या चार्टवर कुठला ना कुठला इंडिकेटर असणारच.

वही आणि फाइल उद्या दुपारनंतर कधीही घेऊन जा, चारपर्यंत मी घरीच आहे. ढिगांचे नंबर मी पेन्सिलीने टाकलेत, तू स्वतः एकदा न बघता टाक आणि कुठे जुळत नाही ते सांग. एका ट्रेडचं मला कळलेलं नाही. 17 तारखेचा, दुपारी 1:52 चा. चार्टवर सिग्नल नाही, आधी तोटा नाही, क्वांटिटी नेहमीचीच, आणि "का" च्या जागी तू फक्त एक रेघ ओढलीयस.